न पाहिलेली बारा दुकाने

सोलापूरच्या नवी पेठेत पाहणीची वही घेऊन हिंडणाऱ्याला जो हिशेब पदोपदी करावा लागतो, तो जिल्ह्याची किंवा प्रांताची पाहणी करणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येतो. कारण तेथे मोजावयाची दुकाने लाखांनी असतात व पाहिलेली काही शेकडा, तर येथे एखाद्या गल्लीची सगळी दुकाने वहीच्या दोन पानांवर मावतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक दुकानांच्या पायऱ्या आपण स्वतः चढलेलो असतो. अशा वेळी हाती आलेल्या सरासरीवर किती भरवसा ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर मोठ्या पाहणीच्या नियमाने काढले तर ते चुकते, आणि चुकते तेही थोडेथोडके नव्हे.

हिशेब सोपा जावा म्हणून एक गल्ली कल्पनेने उभी करू. तीत ४८ दुकाने आहेत, आणि या महिन्यात एका दुकानाला विजेचे बिल सरासरी किती आले हे आपल्याला ठरवावयाचे आहे. यादीवरून चिठ्ठ्या टाकून ३६ दुकाने निवडली, प्रत्येकाचे बिल डोळ्यांनी पाहून उतरवून घेतले, आणि सरासरी ३,२०० रुपये व प्रमाण विचलन ९०० रुपये आले. नेहमीचा नियम असा, की प्रमाण विचलनाला नमुन्याच्या संख्येच्या वर्गमुळाने भागावे म्हणजे सरासरीची प्रमाण त्रुटी मिळते. त्याप्रमाणे ९०० भागिले ६, म्हणजे १५० रुपये. आता कोणी म्हणाले, की ही त्रुटी मोठी आहे, मला ती ७५ वर आणून द्या, तर हाच नियम सांगेल की १४४ दुकाने पाहा. गल्लीत दुकाने आहेत ४८! जो नियम अस्तित्वात असलेल्या दुकानांच्या तिप्पट दुकाने पाहावयास पाठवितो, त्याच्या गृहीतात काहीतरी असे आहे की जे या गल्लीला लागू पडत नाही, हे गणित न शिकलेल्यालाही उमगावे.

ते गृहीत म्हणजे समष्टी अमर्याद आहे हे. वस्तुतः आपल्या ४८ दुकानांच्या एकूण बिलाची बेरीज दोन भागांनी बनलेली आहे. पाहिलेल्या ३६ दुकानांचे बिल १,१५,२०० रुपये. या रकमेत अंदाजाचा अंशही नाही, ती कागदावरून उतरवून घेतलेली आहे, आणि उद्या कोणी रुजुवात घातली तरी ती तेवढीच भरेल. अंदाज आहे तो उरलेल्या बारा दुकानांपुरता, ज्यांच्या नावे आपण प्रत्येकी ३,२०० धरून ३८,४०० रुपये मांडले. तेव्हा चूक शिरावयाची ती या बारा दुकानांच्या दारानेच, दुसरी वाट तिला नाही. पाहिलेल्या ३६ ची सरासरी आणि न पाहिलेल्या बारांची सरासरी यांत चिठ्ठ्यांच्या योगायोगाने किती अंतर पडू शकेल, याचा हिशेब ९०० ला १/३६ + १/१२ याच्या वर्गमुळाने गुणून होतो. हे वर्गमूळ बरोबर एक-तृतीयांश आहे, म्हणून अंतराची प्रमाण त्रुटी ३०० रुपये. बारा दुकानांवर ती ३,६०० रुपये होते, आणि हीच ३,६०० ची अनिश्चितता ४८ दुकानांत वाटून टाकली, की सरासरीची प्रमाण त्रुटी उरते ७५ रुपये.

ग्रंथांत जे सूत्र मिळते तेही हेच सांगते:

s/√n × √(1 − n/N)

यातील दुसरे वर्गमूळ म्हणजे परिमित समष्टीसाठी करावयाची दुरुस्ती. आपल्या गल्लीत पाहिलेला हिस्सा तीन-चतुर्थांश, न पाहिलेला एक-चतुर्थांश, त्याचे वर्गमूळ अर्धे. म्हणून १५० चे ७५ झाले. मी सूत्राऐवजी बारा दुकानांचा हिशेब आधी सांगतो तो हेतुपुरस्सर. कारण सूत्र पाठ असलेली माणसे त्या वर्गमुळाला उदार मनाने दिलेली सूट समजतात, आणि ती घ्यावी की न घ्यावी हा आपल्या मर्जीचा विषय मानतात. ती सूट नव्हे. डोळ्यांनी पाहिलेल्या दुकानांबद्दल अनिश्चितता दाखविणे हेच मुळी असत्य आहे.

सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी पिकांच्या उताऱ्याचे अंदाज बांधण्याच्या कामी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली आणि १९५४ साली नमुना-पाहणीवरील आपला ग्रंथ सिद्ध केला. त्या ग्रंथात ही दुरुस्ती पायाशीच येते, परंतु तालुक्यातील अफाट शेतांतून कापून पाहिलेल्या मोजक्या तुकड्यांना तिचा उपयोग जवळजवळ नाही. पाहिलेला हिस्सा शेकडा पाच असेल तर प्रमाण त्रुटी जेमतेम अडीच टक्क्यांनी घटते. म्हणून तेवढ्या हिश्श्यापर्यंत दुरुस्ती सोडून देण्याचा प्रघात पडला, आणि तो योग्यच आहे. मात्र तो प्रघात मोठ्या मुलखाचा आहे, नवी पेठेतल्या गल्लीचा नव्हे.

तथापि हे ७५ रुपये कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, याची नोंद वहीत हवीच. या गल्लीतील या ४८ दुकानांचे या महिन्याचे बिल, एवढाच प्रश्न असेल तर दुरुस्ती केलीच पाहिजे. परंतु कोणी विचारले, की अशा प्रकारच्या दुकानांना वीज किती लागते, किंवा कापडाच्या दुकानाला भांड्यांच्या दुकानापेक्षा अधिक लागण्यास काही स्थिर कारण आहे काय, तर मग ही ४८ दुकाने स्वतःच एका विशाल, न दिसणाऱ्या समष्टीतील नमुना ठरतात, आणि दुरुस्ती लावणे गैर होते. त्या प्रश्नापुढे सगळीच्या सगळी ४८ दुकाने पाहिली तरी त्रुटी शून्य होत नाही. गणनेचा हेतू आणि कारणे शोधण्याचा हेतू यांतील हा भेद अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी १९५० च्या ग्रंथात स्पष्ट केला.

खरी धास्ती मला वाटते ती बंद दारांची. पुष्कळदा असे होते, की चिठ्ठ्या न टाकता सर्वच ४८ दुकानांत जावयाचे ठरते, बारा जण बिल दाखवीत नाहीत अथवा भेटतच नाहीत, आणि मिळालेल्या ३६ दुकानांना नमुना म्हणून, वरील सूत्र लावून, ७५ ही त्रुटी अहवालात नमूद केली जाते. आकडे तेच, सूत्र तेच, पण आधार निसटला. कारण बारा दुकाने योगायोगाने मागे राहिली नाहीत, आपल्या काही कारणाने राहिली. ज्याचे दुकान बहुधा बंद त्याचे बिलही लहान असणार. त्या बारांची सरासरी पाहिलेल्यांपेक्षा ८०० रुपयांनी कमी निघाली, तर गल्लीची सरासरी २०० रुपयांनी चुकते, आणि या २०० चा मागमूसही त्या ७५ मध्ये नसतो. उलट दुरुस्तीने आकडा जितका लहान होतो, तितकी ही चूक अधिक झाकली जाते. ती ओळखण्याचा एक मार्ग आहे: पहिल्या फेरीत मिळालेल्या बिलांची सरासरी आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत मोठ्या मिनतवारीने मिळालेल्या बिलांची सरासरी वेगवेगळी मांडावी, ती फेरीगणिक एकाच दिशेने सरकत असेल, तर कधीच न भेटलेल्यांची सरासरी त्याच दिशेने आणखी पुढे असण्याचा संभव मोठा.

म्हणून मनुष्यबळ तुटपुंजे असेल तेव्हा मी ४८ च्या मागे धावत नाही. चिठ्ठ्या टाकून २४ दुकाने घ्यावी, आणि त्या २४ पैकी प्रत्येकाकडे, सकाळी नाही तर सायंकाळी, आज नाही तर पुढच्या आठवड्यात, बिल हाती पडेपर्यंत जावे. दुरुस्तीसह त्यांची प्रमाण त्रुटी सुमारे १३० रुपये येते. ७५ च्या तुलनेत ती मोठी दिसते, पण ती न पाहिलेल्या सर्व २४ दुकानांची अनिश्चितता प्रामाणिकपणे मोजते, आणि अहवालात तिच्याशेजारी मी ४८, २४ व न मिळालेल्यांची संख्या हे तिन्ही आकडे लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याला माझा हिशेब स्वतः करून पाहता येतो.