रस्ता चालू असतानाच गाडी रद्द केली, त्याची गोष्ट



आज गुरुवार. चार दिवस झाले, सूर्य दिसला नाही. सकाळी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३८ फूट ६ इंच होती आणि साधारण सहा तासाला एक फूट चढत होती. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आपल्या कोल्हापूरकडच्या लहान पोरालाही पाठ आहे. या हिशेबानं उद्या दुपारच्या आसपास ४३ होतील. ४३ ला लगेच हायवे बंद पडत नाही, त्याला अजून बरंच पाणी चढावं लागतं. तरी मी उद्याची बेळगाव आणि म्हापशाची गाडी आज सकाळीच रद्द केली. का, ते सांगतो.

आमचं रान पेठ वडगावच्या बाजूला, म्हणजे वारणा आणि पंचगंगेच्या मधे. पुण्याला जायचं तर वारणेचा पूल ओलांडून हायवेनं सरळ वर. पण बेळगावला किंवा गोव्याला जायचं तर शिरोलीजवळ पंचगंगा आडवी येते, आणि ती पार केली तरी निपाणीच्या अलीकडं यमगर्णीला वेदगंगा आहेच. एकाच शेतातला माल, पण दोन दिशांचं नशीब वेगळं.

दीड एकर हिरवी मिरची आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी तोडा, एका तोड्याला नऊशे किलोच्या आसपास निघते. त्यातली चारशे पुण्याला, तीनशे बेळगावला, दोनशे म्हापशाला. शिवाय वीस गुंठे शेडनेटमधली काकडी, तिचा तोडा दिवसाआड, जास्त करून गोव्याला.

२०१९ च्या ऑगस्टमधे हीच वेळ आली होती. तेव्हा माझा हिशेब असा की आज रस्ता चालू आहे ना, मग भरा गाडी. मिरची तोडली, थोडी ओलीच पोत्यात भरली, वरनं ताडपत्री घट्ट आवळली. गाडी शिरोलीच्या अलीकडं रांगेत अडकली. हायवे मग जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. दोन दिवसांनी गाडी माघारी आणली आणि पोत्यात हात घातला तर आत गरम लागत होतं. देठं काळी पडलेली, मधल्या पोत्यांना आंबूस वास. निम्म्याहून जास्त माल बांधावर टाकला.

पैसे गेले ते गेले. पण बेळगावच्या व्यापाऱ्याला मी दोन दिवस फोनवर "निघालीच आहे, येतेयच" असंच सांगत होतो. त्यांनी त्या भरवशावर पुढं एका खाणावळीला शब्द दिला होता. शेवटी ते एवढंच म्हणाले, "माल नाही म्हणाला असता तर मी दुसरीकडनं घेतला असता की." पुढचा वर्षभर त्यांनी माझा माल घेतला नाही.

तेव्हापासून दोन आकडे ठरवून टाकलेत. पातळी ३९ च्या जवळ आणि पाणी चढतं असेल तर दक्षिणेच्या सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप जातो. ४३ होईल असं दिसलं की दक्षिणेचा तोडा थांबतो. गाडी गेली तरी माघारी यायला रस्ता पाहिजे. ड्रायव्हर आणि गाडी पलीकडं अडकली तर पुण्याचा मालही इथंच पडून राहतो.

सकाळी तिघांना वेगवेगळा निरोप पाठवला. बेळगावचा जसाच्या तसा देतो:

"अण्णा, नमस्कार. पंचगंगा चढतेय, म्हणून उद्या शुक्रवारची मिरचीची गाडी रद्द. तीनशे किलो झाडावरच ठेवतोय, तोडलेली नाही. मंगळवारी दुपारी बारापर्यंत जड वाहनांना रस्ता सुटला तर त्याच दिवशी तोडून बुधवारी सकाळी गाडी सोडतो, तुमच्यासाठी सहाशे किलो. नाही सुटला तर बारा वाजताच फोन करतो आणि माल पुण्याला वळवतो. मिरची थोडी जाड असेल, लाल झालेली वेगळी काढतो. भाव ठरला तोच. तोपर्यंत तुमची अडचण असेल तर दुसरीकडनं घ्या, आमचा काही राग नाही."

अण्णांचा लगेच फोन. "अहो, रस्ता तर चालू आहे की!" म्हटलं, "आज चालू आहे. तुमचा माल उद्या रात्री निघणार." थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बरं, मंगळवारचं पक्कं सांगा."

मंगळवार मी पाऊस बघून ठरवलेला नाही. पाऊस थांबला म्हणजे पाणी उतरलं असं आपल्याकडं होत नाही. पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते, आणि कृष्णाच भरलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगून मागं थांबतं. ऊन पडलेलं असतं आणि रस्त्यावर पाणी तसंच. उतरल्यावरही आधी टँकर, रुग्णवाहिका सोडतात, मग जड वाहनं, आणि त्यांचीही रांग असते. म्हणून "पाऊस उघडला की पाठवतो" हा शब्द मी कुणाला देत नाही.

दुसरी बाजू पिकाची. हिरवी मिरची तोडायला आल्यावर झाडावर चार-पाच दिवस थांबते. त्यापुढं लाल पडायला लागते आणि झाड नवीन फूल-फळ कमी धरतं. म्हणजे मंगळवार ही माझीही शेवटची मुदत आहे. उद्या बायका फक्त पुण्याची चारशे किलो तोडतील, तीही सगळ्यात जुनी फळं आणि फळकुजीचा डाग दिसेल ते वेगळं. एवढ्या पावसात डागाळलेलं फळ झाडावर ठेवलं तर शेजारचीही जातात.

काकडीला थांबणं माहीतच नाही. दोन दिवस राहिली की जाड होते, बी धरते, वेल दमतो. म्हणून म्हापशाच्या भाऊंना सरळ कळवलं की या आठवड्यात काकडी नाही, वाट बघू नका. त्यांची दोनशे किलो मिरची मात्र बेळगावच्याच अटीवर राखून ठेवली आहे. काकडी सगळी पुण्याला जाईल. तिथं एकदम माल वाढला की दर पडणार हे धरलंय, पण फेकण्यापेक्षा बरं.

पुण्याची गाडी उद्या रात्री नऊला. मिरची तोडल्यावर पत्र्याखाली पसरून वरचं पाणी वाळवायचं, मग पोत्याऐवजी क्रेटमधे. ताडपत्री वरनं बांधायची, पण पुढून-मागून वारा खेळेल एवढी फट ठेवायची. वारणेच्या पुलाची खबर निघायच्या आधी तासभर घेणार. तिथं शंका आली तर गाडी घरीच.

तोडणीच्या बायकांनाही आजच सांगितलं, उद्या निम्म्याच या, मंगळवारी सगळ्या लागतील. नाहीतर मंगळवारी नऊशेच्या जागी चौदाशे किलो तोडायला हात कुठनं आणायचे?

संध्याकाळी सहा वाजता पातळी ४० फुटांवर गेली. मंगळवारी दुपारी काय ठरलं ते इथंच लिहितो.