सातवा रकाना, दहावा रकाना

2011 च्या फेब्रुवारीत जनगणनेची ड्युटी लागली होती. परळच्या एका चाळीत कोकणी मुसलमानाचं घर. सातवा प्रश्न धर्माचा, उत्तर इस्लाम. दहावा मातृभाषेचा. मुलगा म्हणाला, "उर्दू लिहा ना मॅडम, आपण मुसलमान!" आतून त्याची अम्मी ओरडली, "लहानपणी तुला उर्दूत रागवायचे का मी?" आमच्या सूचना पुस्तिकेत होतं : लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा, आणि सांगतील तीच लिहायची, धर्माशी तिचा संबंध लावत बसायचं नाही. मुलगा ओशाळून हसला आणि म्हणाला, "मराठी लिहा."

ते घर मला 2020 मध्ये पुन्हा आठवलं. न्यू जर्सीहून मामेबहिणीचा फोन होता. तिथल्या जनगणनेच्या फॉर्मवर आधी विचारतात, तुम्ही हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषिक मुळाचे आहात का? मग वेगळा प्रश्न, तुमचा वंश कोणता? तिची ग्वातेमालाची शेजारीण पहिल्या प्रश्नाला 'हो' म्हणाली आणि दुसऱ्यापाशी अडली. गोरी? काळी? मूळनिवासी? आशियाई? शेवटी तिनं 'इतर' वर खूण करून पुढे ग्वातेमाला लिहिलं.

तिचं काही चुकलं नव्हतं. त्या वर्षी हिस्पॅनिक लोकांपैकी शंभरातल्या सुमारे 42 जणांची नोंद फक्त 'इतर वंश' अशीच झाली. फॉर्मवर छापलेलं होतं की हिस्पॅनिक हा वंश नाही. पण तिच्या घरी, गल्लीत तीच तिची ओळख. एकदा सांगून झाल्यावर पुन्हा काय सांगायचं?

मग दोन प्रश्न का? 1930 मध्ये अमेरिकेनं 'मेक्सिकन' हा वंशच धरला होता. त्यावर विरोध झाला आणि 1940 मध्ये त्यांना गोऱ्यांत मोजलं. मग ते आकड्यांत दिसेनासे झाले. स्पॅनिश बोलणारा क्यूबाचा माणूस काळा असतो, अर्जेंटिनाचा गोरा, पेरूचा मूळनिवासी. म्हणून मूळ वेगळं आणि वंश वेगळा विचारायचं ठरलं. 1970 मध्ये थोड्या घरांना विचारलं, 1980 पासून सगळ्यांना.

मार्च 2024 मध्ये तिथल्या सरकारनं दोन्ही प्रश्न एकत्र करायचं ठरवलं. एकच यादी, हव्या तितक्या खुणा करा. गोंधळ कमी होईल. पण काळ्या हिस्पॅनिकांना धास्ती आहे : एकाच यादीत माणूस 'हिस्पॅनिक' वर खूण करून थांबला, तर त्याचं काळेपण मोजलंच जाणार नाही.

ही धास्ती मला कळते. आपल्याकडे धर्म आणि भाषेचा एकच रकाना असता, तर त्या मुलानं 'मुसलमान' सांगितलं असतं आणि मी पुढच्या दारी गेले असते. त्याच्या अम्मीची मराठी कुठल्याच कागदावर आली नसती.