एक तार, दोन इंग्रजी

सत्तरच्या दशकात कॉलेजात असताना आमचा आल्बेर कामू म्हणजे स्टुअर्ट गिल्बर्टच्या इंग्रजीतला कामू. पेंग्विनची ‘द आउटसायडर’ हातोहात फिरायची. पुठ्ठा सुटलेला आणि समासात आधीच्या वाचकांच्या पेन्सिलीच्या खुणा. अनुवादकाच्या नावाकडे कुणाचं लक्ष जायचं नाही. वाचलं ते कामूनंच लिहिलंय, ही खात्री होती, आणि त्या खात्रीत वाचण्याचं सुख आज आठवलं की हुरहुर लागते.

आता टेबलावर तीन पुस्तकं असतात: 1942 ची मूळ फ्रेंच कादंबरी, गिल्बर्टचा 1946 चा अनुवाद आणि अमेरिकन अनुवादक मॅथ्यू वॉर्डचा 1988 चा. तिन्हींमधला पहिला परिच्छेद घेऊन बसावं. आई वारल्याची वृद्धाश्रमाची तार नायक मर्सोला येते, एवढाच मजकूर. माझी पद्धत अशी, की आधी फ्रेंच पुस्तक मिटून ठेवायचं. दोन्ही इंग्रजी परिच्छेद मोठ्यानं वाचायचे आणि हा माणूस कसा वाटला ते लिहून काढायचं. मूळ आधी उघडलं तर आपण चुका शोधत बसतो आणि परिणाम हातातून निसटतो.

गिल्बर्टचा मर्सो शिकलेला, विचार करून बोलणारा वाटतो. वॉर्डचा मर्सो तुटक आहे, एक गोष्ट सांगून गप्प होणारा. मग मूळ उघडायचं आणि हा फरक कुठून आला ते शोधायचं.

सगळ्यात मोठा फरक तारेतच सापडतो. फ्रेंच तारेचा शेवट पत्राखाली लिहायच्या ठरावीक औपचारिक शब्दांनी होतो. त्यात दुःख नाही, सांत्वन नाही. वॉर्डनं तसाच कोरडा, कचेरीतल्या पत्राखाली शोभेल असा इंग्रजी शब्दप्रयोग ठेवला आहे. गिल्बर्टनं तिथं मनःपूर्वक सहानुभूती घातली. इंग्रज वाचकाला मृत्यूच्या तारेत तेच अपेक्षित, म्हणून त्यानं तसं केलं असावं. पण त्यामुळे वृद्धाश्रम हळवा होतो आणि त्याच्यासमोर मर्सो एकटाच थंड दिसतो. मुळात कोरडेपणाची सुरुवात तारेनं केलेली आहे. पुढे न्यायालय मर्सोच्या कोरडेपणाचा हिशेब मांडतं, म्हणून ही जागा साधी नाही.

तारेनंतर मर्सो म्हणतो, की यावरून काहीच कळत नाही. वॉर्ड तेवढंच सांगतो. गिल्बर्ट त्याचा निष्कर्ष करतो, प्रकरण संदिग्ध राहतं अशा थाटाचा. गिल्बर्ट ब्रह्मदेशात न्यायाधीश होता, पुढे पॅरिसमध्ये जॉइसच्या निकटच्या वर्तुळात वावरला. घडीव, सांधलेल्या गद्यावर त्याचं प्रेम होतं. कामूच्या सुट्या वाक्यांमध्ये तो दुवे घालतो, आणि दुवा आला की मर्सो कारणं देणारा माणूस होतो. सार्त्रनं 1943 मधल्या आपल्या लेखात या कादंबरीतल्या प्रत्येक वाक्याला बेट म्हटलं होतं. गिल्बर्टनं त्या बेटांमध्ये पूल बांधले.

शिवाय मूळ फ्रेंचमध्ये आईसाठी दोन शब्द आहेत. मर्सोच्या तोंडी घरातला ‘मामाँ’, तारेत ‘मेर’. आपल्याकडे ‘आई’ आणि ‘मातोश्री’ यांत असतं तसलं अंतर. गिल्बर्टनं दोन्हीकडे ‘मदर’ वापरला आणि ते अंतर पुसलं गेलं. वॉर्डनं ‘मामाँ’ तसाच ठेवला. मला ते पटतं, कारण आईबद्दल मर्सोच्या मनात काय आहे याचा त्या पानावरचा एकुलता पुरावा तोच आहे. तरी हा शब्द इंग्रज वाचकाला परका लागतो, हेही खरं. जो शब्द मुळात सगळ्यात घरचा, तोच अनुवादात सगळ्यात विदेशी होतो.

म्हणजे आमचा तो गिल्बर्ट टाकाऊ का? अचूकपणात वॉर्ड पुढे आहे, याबद्दल मला शंका नाही. पण समुद्रकिनाऱ्यावरच्या उन्हाचा तो प्रसंग मी पहिल्यांदा गिल्बर्टमध्ये वाचला, आणि त्या रात्री झोप लागली नव्हती. तिथं कामूची भाषाच प्रतिमांनी भरून येते, वाक्यं लांबतात, आणि गिल्बर्टची श्रीमंत इंग्रजी तिला सांभाळून घेते. पहिल्या पानावर जी सवय घात करते तीच तिथं उपयोगी पडते. म्हणून एका परिच्छेदावरून सगळ्या अनुवादाचा निकाल देऊ नये. एक शांत आणि एक पेटलेला, असे निदान दोन उतारे तरी ताडून पाहावेत.

आणि एका जागी दोघंही सारखेच कमी पडतात. कामूनं कादंबरीचा पहिलाच शब्द ‘आज’ ठेवला आहे, आई त्यानंतर येते. मर्सो त्या दिवसात, त्या क्षणात जगणारा आहे, हे त्या क्रमातूनच कळतं. गिल्बर्टनं ‘आज’ वाक्याच्या शेवटी नेला. बेचाळीस वर्षांनी वॉर्डनंही तो तिथंच राहू दिला. मराठी वाक्य मात्र ‘आज’नं सुरू होऊन अगदी सहज पुढे जातं, जराही न अडखळता.