किल्ल्याला कोणी कळवलं नाही

आरोंद्याच्या सहलीची माझी नोंद अशी होती : 'सावंतवाडीहून एसटीने आरोंदा. सातेरी भद्रकालीचं दर्शन. दुपारी किरणपाणी. तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोवा दिसतो. देखावा रमणीय.' पंचनाम्यात शोभेल असा मजकूर. याचा मिश्कील लेख करायला बसलं की पहिला मोह मसाला वाढवण्याचा होतो. पण तसं केलं की लेखकच आधी हसतो आणि वाचक नुसता बघत राहतो.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याचे पोहे'पासून मराठी विनोदाला एक युक्ती ठाऊक आहे : क्षुल्लक गोष्टीवर शास्त्रार्थाच्या गांभीर्याने बोलायचं. हकिकत हलवायची नाही, चेहरा हलवायचा नाही. 'पलीकडे गोवा दिसतो' या वाक्याचं मग असं झालं : 'पलीकडे गोवा असल्याचं सांगण्यात आलं. माड तसेच, चिखलही तसाच, तेव्हा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवणं भाग होतं. हे माड 1961 च्या डिसेंबरपर्यंत परदेशी होते. त्यानंतर त्यांच्या राहणीत फरक पडल्याचं दिसत नाही.' यात विशेषण म्हणाल तर एक 'परदेशी', आणि तेही खरं. 'सांगण्यात आलं' हा कचेरीतला सूर अर्धं काम करतो, उरलेलं इतिहास करतो.

तेरेखोलचा किल्ला तर आयताच हाती आला. खाडीच्या आपल्या काठावर उभा, पण गोव्याचा. मी लिहिलं, 'खाडी ही सरहद्द आहे, हे किल्ल्याला कोणी कळवलेलं नाही.' यापुढे सरहद्दीच्या गमतीवर आणखी दोन वाक्यं सुचतात, आणि ती दोन्ही खोडावी लागतात. विनोद समजावला की तो गेला. पुढचं वाक्य सरळ चहाचं हवं.

देवळाचं वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं ठेवलं. सगळंच तिरकं झालं तर तिरकेपणा दिसायचा कशाला?

बोट कोणाकडे वळतं, हेही बघावं लागतं. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'त (1960) परक्या मुलखाइतकाच प्रवासाला निघालेला मराठी माणूसही चेष्टेला सापडतो. गावाला हसणारा पाहुणा कोकणात फार टिकतही नाही. चेष्टेत गाव त्याच्या कितीतरी पुढे असतं. जेट्टीवर एका आजोबांनी मला विचारलं, "हंयसर काय बघूक इलात?" मी म्हणालो, "देखावा." ते खाडीकडे बघत म्हणाले, "आमका तो रोजच दिसता." 'रमणीय' तिथेच खोडलं आणि हा संवाद आहे तसा उतरवला.

एसटीच्या उशिरावर एक छान परिच्छेद जमला होता. तो मात्र काढून टाकावा लागला. गाडी वेळेवर आली होती.