खोक्यावर नसलेला आकडा

आमच्या बेळगावात हल्ली लग्नाच्या रुखवतात नसलं तरी बायकांच्या बोलण्यात हमखास येतं ते म्हणजे दिव्यांचा मुखवटा. आतून लाल-निळे बारीक एलईडी लावलेले, दहा मिनिटं तोंडावर बांधून पडून राहायचं. मी तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, म्हणून की काय, असली जाहिरात घरातली कुणीतरी आधी माझ्याकडे आणते.

या खेपेला आणली भाचीनं. बाळंतपणानंतर तिच्या दोन्ही गालांवर वांग आलेत. "मावशे, बघ की, 14 हजाराचा आहे. सात रंग आहेत, एफडीएनं मान्य केलाय, आणि सुरकुत्या 36 टक्के कमी होतात म्हणे!"

तो 36चा आकडा खोटा नाही, हेच त्यातलं अवघड. कोरियातल्या डॉक्टरांचा 2007 साली प्रसिद्ध झालेला एक चांगला अभ्यास आहे. त्यात 76 जण होते. काहींना 633 नॅनोमीटरचा लाल, काहींना 830चा डोळ्यांना न दिसणारा, काहींना दोन्ही प्रकाश दिले; आणि एका गटाला उपचाराचं नुसतं सोंग. असा सोंगाचा गट असला की मनाचे खेळ बाजूला काढता येतात. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. सुरकुत्या जास्तीत जास्त 36 टक्क्यांपर्यंत कमी झाल्या. जाहिरातीतून 'जास्तीत जास्त' तेवढं गळालं. पण खरी गोम पुढेच आहे.

प्रकाशाचंही औषधासारखंच असतं, मात्रा बघावी लागते. त्वचेच्या एका चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदाला किती ऊर्जा पडते, त्याला सेकंदांनी गुणायचं. समजा, मुखवटा 30 मिलिवॅट देतो आणि आपण तो दहा मिनिटं, म्हणजे 600 सेकंद लावला. 30 गुणिले 600, झाले 18,000 मिलिज्यूल, म्हणजे 18 ज्यूल. त्या अभ्यासात लाल प्रकाशाची एका वेळची मात्रा होती 126 ज्यूल. सातपट! 18 ज्यूलनं काहीच होत नाही, असं मी म्हणत नाही. प्रकाशाच्या बाबतीत जास्त म्हणजे चांगलं, असंही नसतं. पण दवाखान्यातल्या उपकरणाचा निकाल या मुखवट्याच्या खोक्यावर छापायचा हक्क कुणी दिला?

भाचीला म्हटलं, "दुकानदाराला एवढंच विचार, चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॅट?" उत्तर आलं, "मॅडम, 200 एलईडी आहेत." झालं! भाजीत मीठ किती विचारलं, तर डब्यात चमचे किती ते सांगितल्यासारखं. दिवे किती यावरून मात्रा कळत नाही.

एफडीएचंही तसंच. ती अमेरिकेची संस्था. अशा मुखवट्यांना ती बहुधा 'क्लिअर' करते, म्हणजे आधीच बाजारात असलेल्या उपकरणासारखंच हेही आहे, एवढं मान्य करते. नव्या औषधासारखी कसून परीक्षा त्यात नसते. 'रजिस्टर्ड' लिहिलं असेल तर निव्वळ यादीत नाव. आणि क्लिअर केलेलं असलं तरी कशासाठी, ते वाचायचं. मुरुमांसाठी किंवा सुरकुत्यांसाठी मिळालेली परवानगी वांगाला कशी लागू पडेल?

माझी खरी काळजी मात्र निळ्या रंगाची होती. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मध्यम सावळ्या त्वचेवर 415 नॅनोमीटरचा निळा-जांभळा प्रकाश टाकला, तर तिथं डाग काळवंडले आणि बरेच दिवस राहिले. 630च्या लाल प्रकाशानं तसं झालं नाही. मुरुमांवर निळा प्रकाश वापरतात, कारण मुरुमांतल्या जंतूंना तो मारतो. पण जिच्या गालावर आधीच वांग आहेत, तिनं सात रंगांतला हा एक रंग रोज दहा मिनिटं लावायचा म्हणजे डाग घालवायला गेलं आणि गडद करून आलं!

भाची जरा हिरमुसली. "मग काहीच नको का गं?"

"अगं, नको कशाला? त्वचेच्या डॉक्टरांकडे जा."

ती गेली. डॉक्टरांनी दुधावरच्या बाळाची चौकशी करून मग मलम दिलं आणि सनस्क्रीन बदलायला सांगितलं. साध्या पांढऱ्या सनस्क्रीननं अतिनील किरण अडतात, पण दिसणारा प्रकाश बराचसा आत येतो. वांगाला तोही चालत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन लागतं. ट्यूब घेताना घटकांच्या यादीत ते नाव शोधायचं. तिनं दुकानात उभ्या उभ्या चष्मा लावून ते वाचलं, नव्हतं म्हणून ट्यूब परत ठेवली, आणि दुसरी मागितली.