पॉलिसी बँकेला तारण देताना: पत्रातली कारणाची ओळ

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतली कर्जप्रकरणे तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. त्यांतली आयुर्विम्याच्या तारणाची प्रकरणे पाहताना एक मत पक्के झाले. पॉलिसीचा बॉन्ड बँकेच्या तिजोरीत जाणे याला लोक तारण समजतात. कायदा मात्र तसे मानत नाही. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ३८ प्रमाणे पॉलिसीचा हक्क दुसऱ्याकडे जातो तो दोनच मार्गांनी: बॉन्डवरच शेरा लिहून, नाहीतर वेगळा दस्त करून. त्यावर पॉलिसीधारकाची सही आणि निदान एका साक्षीदाराची सही लागते. हस्तांतर का केले, कोणाला केले आणि कोणत्या अटींवर केले, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे लागते. यातला 'का' हा भाग बहुतेक पत्रांत कोरा असतो, किंवा 'मूल्य मिळाल्याबद्दल' अशा मोघम शब्दांत उरकलेला असतो. त्या एका ओळीवर कर्जदाराच्या मागे राहणाऱ्या माणसांचे बरेच काही अवलंबून असते, म्हणून हा लेख.

पूर्वी पॉलिसी दुसऱ्याच्या नावे झाली की केलेले नामनिर्देशन आपोआप रद्द होत असे. अपवाद फक्त विमा कंपनीनेच पॉलिसीवर दिलेल्या कर्जाचा. २०१५ च्या दुरुस्तीने कलम ३९ मध्ये बदल झाला. कर्जाच्या बदल्यात पॉलिसी हस्तांतरित केली असेल तर आता नामनिर्देशन रद्द होत नाही. बँकेचे जेवढे येणे आहे तेवढ्यापुरताच नॉमिनीचा हक्क मागे सरतो. हे संरक्षण मिळते ते हस्तांतर कर्जापोटी झाले असेल तरच. पत्रात कर्जाचा उल्लेखच नसेल, तर हस्तांतर कर्जापोटी होते हे दाखवण्याचे ओझे कुटुंबावर येते, आणि ज्याला सगळे ठाऊक होते तो माणूस तेव्हा हयात नसतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. पोलादपूरजवळच्या गावातला एक माणूस मुंबईत नोकरीला होता. तेव्हा त्याने ५ लाखांची पॉलिसी घेतली आणि बायकोला नॉमिनी केले. बारा वर्षांनी गावी परतून त्याला महाडच्या बाजारात दुकान टाकायचे आहे. विमा कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यूचा लेखी आकडा आला १ लाख ८० हजार. बँक थोडी मार्जिन सोडून दीड लाख मंजूर करते. तीन वर्षांनी कर्जाची बाकी ९० हजार असताना तो वारला आणि बोनससह विम्याचे ७ लाख झाले, असे धरा. पत्रात 'दीड लाखांच्या कर्जापोटी, कर्जखाते क्रमांक अमुक' असे लिहिलेले असेल, तर ९० हजार बँकेचे आणि ६ लाख १० हजार बायकोचे, हे कागदावरूनच ठरते. रक्कम आधी बँकेकडे गेली तरी उरलेली कोणाला द्यायची याबद्दल वाद राहत नाही. पत्रात नुसते 'मूल्य मिळाले, सर्व हक्क बँकेला दिले' एवढेच असेल, तर त्या बाईला बँकेच्या सौजन्यावर विसंबावे लागते. मंजुरीपत्र शोधा, खातेउतारा मिळवा, बाकीच्या वारसांनी हरकत घेतली तर आणखी थांबा, असे चक्र सुरू होते. बहुतेक बँका उरलेले पैसे देतात हे खरे, पण हक्काची गोष्ट मागून का घ्यायची?

म्हणून बॉन्डच्या पाठीवरचा शेरा किंवा वेगळे पत्र साधारण असे असावे: 'मी, खाली सही करणार, पॉलिसी क्रमांक … चा धारक, … बँकेच्या महाड शाखेने मला दिनांक … च्या मंजुरीपत्राने दिलेल्या रु. १,५०,००० च्या कर्जाच्या (खाते क्रमांक …) तारणापोटी या पॉलिसीतील माझे हक्क, मालकी व हितसंबंध वरील बँकेस अभिहस्तांकित करीत आहे. व्याज व खर्चासह कर्जाची पूर्ण फेड झाल्यावर बँकेने पॉलिसी माझ्या नावे पुन्हा अभिहस्तांकित करावयाची आहे. कर्जाच्या येण्यापेक्षा जास्त रक्कम बँकेस मिळाल्यास ती नामनिर्देशित व्यक्तीस द्यावयाची आहे.' खाली दिनांक, ठिकाण, सही, आणि साक्षीदाराची सही, नाव व पत्ता. नाव बँकेचे आणि शाखेचे असावे; शाखाधिकाऱ्याचे व्यक्तिगत नाव कधीही नको. सही विम्याच्या प्रस्तावावर असेल तशीच करावी. मराठीत सही करणाऱ्याने इंग्रजी छापील नमुन्यावर सही केली, तर मजकूर मराठीत समजावून सांगितल्याचे निवेदन सोबत जोडावे. बॉन्डवरच शेरा केला तर मुद्रांक लागत नाही, वेगळ्या दस्ताला लागतो. त्यामुळे बॉन्ड चांगल्या स्थितीत असेल तर शेऱ्याचा मार्ग सोपा.

यावर पहिली हरकत अशी की बँकेचा नमुना छापील असतो, त्यात कर्जदाराचे काय चालते? माझा अनुभव असा की छापील नमुन्यातही मोबदल्याची आणि कारणाची जागा असते. ती भरायची राहून जाते, आणि घाईत कोरी जागा सोडून सह्या होतात. तिथे कर्जखाते आणि रक्कम लिहून घ्यायला बँकेची हरकत नसते, कारण कारण लिहिलेले असणे ही कायद्याचीच अट आहे. दुसरी हरकत अधिक वजनाची आहे. हस्तांतर सशर्त केले, तर कर्ज फिटताच पॉलिसी आपोआप परत येईल, मग बँका पूर्ण हस्तांतराचाच आग्रह का धरतात? कारण सशर्त हस्तांतर ज्याच्या नावे असते त्याला पॉलिसी सरेंडर करता येत नाही आणि तिच्यावर कर्जही काढता येत नाही, असे कलम ३८ मध्येच लिहिलेले आहे. कर्ज थकले तर अशा तारणातून बँकेच्या हाती लगेच काहीच लागणार नाही. बँकेचा आग्रह इथे योग्य आहे असेच मी म्हणेन. हस्तांतर पूर्ण असू द्यावे, पण कारण कर्जाचे आणि परतीची अट लेखी असावी. तिसरी हरकत: पॉलिसीवर विमा कंपनी स्वतःच कर्ज देते, मग बँकेच्या खेपा कशाला? गरज सरेंडर व्हॅल्यूच्या आत भागत असेल तर कंपनीकडूनच कर्ज घ्यावे, ते खरेच सुटसुटीत आहे. घराच्या किंवा दुकानाच्या मोठ्या कर्जाला पॉलिसी जोडतारण म्हणून द्यायची असते तेव्हा मात्र बँकेच्या नावे हस्तांतर करण्याला पर्याय नाही.

पत्र लिहिले की काम संपले, असेही नाही. विमा कंपनीला लेखी सूचना आणि तिच्यासोबत मूळ शेरा किंवा दस्त, नाहीतर दोन्ही पक्षांनी खरी म्हणून प्रमाणित केलेली प्रत मिळेपर्यंत, हे हस्तांतर कंपनीवर बंधनकारक होत नाही. आपल्या भागातली खरी अडचण इथे आहे. इथली किती तरी माणसे आयुष्यातली उमेदीची वर्षे मुंबईत घालवतात आणि पॉलिसी तिथल्याच शाखेत उघडलेली असते. कलम ३८ सांगते की सूचना पॉलिसीची सेवा ज्या ठिकाणी होते तिथेच द्यायची. महाडला नोकरी बदलून आलो, हप्ते इथे भरतो, म्हणून पॉलिसी इथे आली असे होत नाही. त्यासाठी आधी पॉलिसीची सेवा इथल्या शाखेकडे बदलून घ्यावी, नाहीतर सूचना मुंबईच्या शाखेला पोचती करावी. एकाच पॉलिसीवर दोघांचे दावे आले तर आधी कोणाचा, हे सूचना पोचल्याच्या तारखेवर ठरते. पत्रावरच्या तारखेला तिथे महत्त्व नाही. सूचना मिळाल्याची लेखी पोच मागितली तर ठरलेली फी घेऊन कंपनीला ती द्यावी लागते, आणि ती पोच कंपनीविरुद्ध निर्णायक पुरावा असते. हस्तांतर नाकारायचे असेल तर कंपनीने कारणे लिहून सूचनेपासून ३० दिवसांत कळवायची असतात.

ही पोच घ्यावीच असे मी आग्रहाने म्हणतो त्याला या भागाचा इतिहास आहे. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचे पाणी महाड शहरात शिरले, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे, सुतारवाडी इथेही माणसे गेली. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या गावांवर हेच संकट येऊन गेले होते. अशा दिवशी कागद घरातला असो की कार्यालयातला, त्याचा भरवसा उरत नाही. हरवलेल्या बॉन्डची दुय्यम प्रत क्षतिपूर्ती बंधपत्र देऊन मिळते, पण तिच्यावर जुना शेरा आपोआप उमटत नाही. कंपनीच्या नोंदीत हस्तांतर आणि त्याचे कारण असेल, आणि पोचेची प्रत मुंबईतल्या किंवा दुसऱ्या गावातल्या नातलगाकडे असेल, तर भिजलेल्या कागदाने कुटुंबाचा हक्क जात नाही.

बँकेत जाताना मूळ बॉन्ड, शेवटच्या हप्त्याची पावती, सरेंडर व्हॅल्यूचे पत्र, पॅन व आधार, आणि वयाची नोंद झालेली नसेल तर वयाचा पुरावा न्यावा. महाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांचे हप्ते पगारातून कापले जात असतील, तर मधले हप्ते विमा कंपनीकडे जमा झालेत का हे आधी लेखी तपासावे. नोकरी बदलताना पडलेले खंड कधी कधी कर्जाच्या वेळीच उघडे पडतात. ज्या पॉलिसीवर विमा कंपनीचे कर्ज चालू आहे ती आधीच कंपनीकडे तारण असते, ते फेडल्याशिवाय बँक पुढे जाणार नाही. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घेतलेली पॉलिसी बायकामुलांसाठीचा न्यास असते. नवऱ्याला ती आपल्या कर्जासाठी तारण देता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

पॉलिसी पुन्हा आपल्या नावे झाली की नॉमिनीचा हक्क पूर्ववत होतो, पण कर्ज फिटले म्हणून पॉलिसी आपोआप परत येत नाही. बँकेने पुनरभिहस्तांकनाचा शेरा करून सही-शिक्का द्यायचा आणि त्याचीही सूचना त्याच सेवाशाखेला द्यायची. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा राहते, कारण कर्ज फिटल्याच्या आनंदात बॉन्ड हाती आला की माणूस घरी जातो. मग मुदत पूर्ण होते तेव्हा कंपनीच्या नोंदीत हक्कदार बँकच असते. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल, जशी १ एप्रिल २०१९ ला देना बँक बँक ऑफ बडोदात झाली, तर शेरा नव्या बँकेकडून घ्यावा लागतो आणि जुने कर्जखाते शोधण्यात वेळ जातो. तुमच्या घरात असा जुना बॉन्ड असेल तर त्याची मागची बाजू आजच पाहा. शेवटचा शेरा बँकेच्या नावाचा असेल, तर कर्जफेडीचा दाखला घेऊन या महिन्यातच बँकेत जा.