एकोणचाळीस फुटांवरचा निरोप

कोल्हापूरच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत मी गेली अनेक वर्षं डिस्पॅच सांभाळतो. कास्टिंग मशिन करून चाकणला पाठवायचं, थोडा माल बंगळूरला. वर्षाचे अकरा महिने हे काम म्हणजे बिलं, वजनकाटा आणि ड्रायव्हरला केलेले फोन. उरलेल्या एका महिन्यात मात्र माझं लक्ष वजनकाट्यावर नसतं, राजाराम बंधाऱ्यावर असतं.

पंचगंगेची पातळी तिथे मोजतात. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. आमचा कारखाना नदीच्या दक्षिणेला, गिऱ्हाईक पुण्याच्या बाजूला आणि मध्ये शिरोलीचा सखल भाग. पाणी चढलं की महामार्ग तिथेच बुडतो. पण 43 झाले म्हणून रस्ता लगेच बंद होत नाही, पाण्याला त्याहून बरंच वर यावं लागतं. ही मधली उसंतच आमच्या हाती असते. त्यामुळे मी आकड्यापेक्षा त्याचा वेग बघतो. दिवसभरात फूटभर चढणारं पाणी आणि दोन तासांत फूटभर चढणारं पाणी, दोन्ही वेळी फलकावर 39च लिहिलेलं असतं. त्यातच राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, तर एकेका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटतं आणि काही तासांनी ते आमच्याकडे पोचतं.

2019च्या ऑगस्टमध्ये यातलं काहीच मला नीट उमगलेलं नव्हतं. महामार्ग आठवडाभर बंद राहिला आणि मी चाकणच्या एका खरेदी अधिकाऱ्याला रोज सांगत राहिलो, ‘सर, उद्या निघते गाडी.’ एकदा तर ‘निघाली’ असंही सांगून टाकलं. गाडी आमच्याच आवारात ताडपत्री बांधून उभी होती. मी खोटं बोललो याचा त्याला राग आला, पण खरा राग वेगळ्याच गोष्टीचा होता. माझ्या ‘उद्या’वर विसंबून त्याने रोज आपली पाळी लावली आणि रोज माणसं बसवून ठेवली. पहिल्याच दिवशी ‘आठवडा लागेल’ म्हटलं असतं, तर त्याने दुसरा भाग लाइनवर घेतला असता.

त्यानंतर आला जुलै 2021. गुरुवारी, 22 तारखेला, पाणी झपाट्याने चढू लागलं. दुपारपर्यंत वाहतूकदारांनी गाड्या द्यायला नकार दिला. हाताशी उरली एकच नऊ टनी गाडी. आमच्या नगाचं वजन साधारण बारा किलो, म्हणजे तिच्यात 750 नग. ते सगळे मोठ्या गिऱ्हाइकाच्या नावावर होते. रोज 400 नग घेणारं, वेळेवर पैसे देणारं गिऱ्हाईक. पण त्यांच्या गोदामात 1600 नग पडून होते. रविवारची सुट्टी धरली तर मंगळवार रात्रीपर्यंत पुरतील इतके. चाकणमध्येच एक छोटं गिऱ्हाईक होतं, रोज 120 नगांचं. त्यांच्याकडे फक्त शुक्रवारपुरता माल होता आणि तो भाग त्यांना आमच्याशिवाय कोणी देत नव्हतं.

अशा वेळी ऑर्डरचा आकार बघून गाडी भरायची नसते, कोणाचा माल आधी संपतो ते बघून भरायची असते. आम्ही 480 नग छोट्याचे आणि 270 मोठ्याचे भरले. छोट्याचे शेवटी, म्हणजे दाराशी, कारण तिथे गाडी आधी लागणार होती. संध्याकाळी गाडी शिरोली ओलांडून किणी टोल नाक्यापलीकडे गेल्याचा फोन आला. शुक्रवारी महामार्ग बंद झाला.

निरोप मात्र गाडी सुटायच्या आधीच गेला होता. मोठ्या गिऱ्हाइकाला पाठवलेला असा:

‘पंचगंगेची पातळी वेगाने वाढत आहे. शिरोलीजवळ महामार्ग उद्यापर्यंत बंद होईल असे धरून चाललो आहोत. आपले आजचे 750 नग ठरले होते, त्यापैकी 270 आज निघत आहेत, उद्या दुपारी पोचतील. उरलेले 480 तयार आहेत, पण आमच्याच आवारात आहेत, गाडीत नाहीत. त्यांची तारीख आज देत नाही. रस्ता अवजड वाहनांना खुला झाल्यापासून 14 तासांत ते आपल्या दारात असतील. आपल्याकडील साठा मंगळवार रात्रीपर्यंत आणि हे 270 धरून बुधवार दुपारपर्यंत पुरेल, असा आमचा हिशेब आहे. चुकत असेल तर कृपया आजच कळवा. पुढचा निरोप उद्या सकाळी 9 वाजता, बदल नसला तरी.’

यात माझ्या मते सगळ्यात कामाची ओळ आहे ती 14 तासांची. एरवी हा प्रवास सहा-सात तासांचा. मग दुप्पट का? कारण पाणी उतरलं की रस्ता एकदम मोकळा होत नाही. आधी एकच बाजू सुरू होते, टँकर आणि अत्यावश्यक वाहनं पुढे सोडतात, मागे ट्रकांची रांग लागलेली असते आणि ड्रायव्हरने तीन रात्री केबिनमध्येच काढलेल्या असतात. तारीख नदीच्या हातात असते, तास आपल्या हातात. जे आपल्या हातात आहे तेवढंच लिहून द्यावं.

करारातलं दैवी आपत्तीचं कलम मात्र या निरोपात घालू नये. आमच्या मालकांना ते घालायचं होतं. मी म्हटलं, ‘साहेब, ते पत्र वेगळं पाठवू.’ लाइन चालवणाऱ्या माणसाला ते कलम दिसलं की पहिली शंका येते ती हीच, की हे आता हात वर करणार.

बंगळूरची गाडी आमच्या हिशेबातून निसटलीच. दक्षिणेचा रस्ता मोकळा राहील असं गृहीत धरून ती सोडली होती, पण निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी रस्त्यावर आलं आणि गाडी कोगनोळी नाक्याच्या अलीकडेच अडकली. तिचं ई-वे बिल रस्त्यातच संपत आलं. मुदत संपण्याच्या आधी आठ तास आणि नंतर आठ तास, एवढ्याच वेळात ती वाढवता येते. कारणांत नैसर्गिक आपत्ती हा पर्याय आहे. वाहतूकदाराच्या मुलाने रात्री जागून ती वाढवली. आवारातल्या मालाचा मात्र आम्ही भाग ‘ब’ भरलाच नव्हता. तो भरला की घड्याळ सुरू होतं, 200 किलोमीटरला एक दिवस, गाडी हलो वा न हलो.

चार दिवस पडून राहणाऱ्या मशिन केलेल्या नगांवर दमट हवेत गंज धरतो, म्हणून त्यांना पुन्हा तेल लावून गंजरोधक पिशव्या बदलल्या. हा खर्च कोणी देत नाही.

शुक्रवारपासून सोमवारपर्यंत रोज नऊ वाजता निरोप गेला. दोनदा त्यात ‘बदल नाही’ एवढंच होतं. मंगळवारी पहाटे गाडी निघाली आणि 480 नग संध्याकाळी चाकणला उतरले. मोठ्या गिऱ्हाइकाचा खरेदी अधिकारी फोनवर कुरकुरला, ‘गाडीतली आमची जागा दुसऱ्याला दिलीत ना?’ मी ‘हो’ म्हटलं आणि का ते सांगितलं. लाइन थांबली नव्हती, त्यामुळे बोलणं तिथेच संपलं.

पण एक कबूल करतो. त्यांच्याकडचे 1600 आणि छोट्याकडचा एक दिवसाचा माल हे आकडे आमच्याकडे योगायोगाने होते, कारण आदल्याच दिवशी आमचा माणूस दोन्हीकडे जाऊन आला होता. एरवी गिऱ्हाईक आपला साठा सांगत नाही. सांगितला तर आपल्याला मागे ढकलतील अशी त्याला भीती असते. हा लेख वाचणाऱ्यांत कोणी खरेदी खात्यात असेल, तर पुढच्या जूनमध्ये नदीपलीकडच्या पुरवठादाराला एवढा एक आकडा जरूर कळवा, की तुमच्याकडे किती पाळ्यांचा माल आहे.